वरचा मजला चढवायचाय, स्टॅबिलिटी सर्टिफिकेट द्या: एका प्रकरणात मी नक्की काय प्रमाणित केलं आणि काय वगळलं

प्रकरण छोटंच होतं. तळमजला अधिक एक असं आरसीसीचं घर, बावीस वर्षं जुनं, नऊ कॉलम, तीन बाय तीनच्या ओळीत. घरमालक काकांना वर अजून एक मजला चढवायचा होता, आर्किटेक्टने नकाशे करून परवानगीची फाईल तयार केली होती आणि एकच कागद राहिला होता, संरचना स्थिरता प्रमाणपत्र, म्हणजे बोलीभाषेत स्टॅबिलिटी सर्टिफिकेट. काका माझ्याकडे आले ते छापील नमुना हातात घेऊनच, नाव पत्ता भरलेला, फक्त सही शिक्का बाकी. म्हणाले, "साहेब, घराला बावीस वर्षांत एक तडा नाही, तुम्ही येऊन बघा हवं तर."

त्या नमुन्यात एक वाक्य होतं, सदर इमारत सर्व बाबतीत संरचनादृष्ट्या सुरक्षित असून नियोजित वाढीव बांधकामाचा भार पेलण्यास सक्षम आहे. हे वाक्य नीट वाचा. यात दोन वेगळ्या गोष्टी एका दमात सांगितल्यात. आज उभी असलेली इमारत सुरक्षित आहे ही एक, आणि उद्या जो मजला होणार आहे त्याचा भार ती घेईल ही दुसरी. पहिलीसाठी जाऊन बघावं लागतं, मोजावं लागतं. दुसरीसाठी हिशोब करावा लागतो, आणि तो मजला अजून बांधलेलाच नसल्याने तो कसा बांधला जाईल हे आज कोणीच सांगू शकत नाही. आणि "सर्व बाबतीत" हा शब्द तर कुठलाच इंजिनिअर खरेपणाने लिहू शकत नाही, कारण सर्व बाबतीत म्हणजे गळती, वायरिंग, आग, शेजाऱ्याने उद्या काढलेला खड्डा, सगळंच आलं त्यात.

राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ मध्ये परवानगीच्या अर्जासोबत द्यायच्या अशाच प्रमाणपत्राचा नमुना आहे, त्याचा रोख वेगळा आहे. तिथे इंजिनिअर सांगतो की सादर केलेले स्ट्रक्चरल नकाशे आणि तपशील संहितेतल्या सुरक्षिततेच्या गरजा पूर्ण करतात, आणि दिलेली माहिती माझ्या माहितीप्रमाणे आणि समजुतीप्रमाणे खरी आहे. म्हणजे प्रमाणित होतं ते डिझाइन. बांधकाम झाल्यावर, ते नकाशाप्रमाणे झालं का, हे सांगणारा कागद वेगळा, तो पूर्णत्वाच्या वेळी, ज्याने देखरेख केली त्याच्या सहीने. नवीन कोऱ्या प्लॉटवर हा फरक सोपा असतो. वाढीव मजल्यात मात्र डिझाइनच्या खालचा अर्धा भाग आधीच बांधून झालेला असतो, तो कोणी कसा बांधला ते माहीत नसतं, आणि तरीही आपला सगळा हिशोब त्याच्यावरच उभा असतो. सगळी गुंतागुंत इथेच आहे.

जुने स्ट्रक्चरल नकाशे नव्हते. आर्किटेक्चरल नकाशाची एक झेरॉक्स होती आणि ज्या मिस्त्रीने घर बांधलं तो गावातच होता, त्याला बोलावलं. तो म्हणाला सगळी फुटिंग, म्हणजे कॉलमखालचे पाये, पाच बाय पाच फुटाची आहेत, काँक्रीट एम-२० आहे, स्टील भरपूर आहे. मी हे सगळं लिहून घेतलं पण वहीत वेगळ्या रकान्यात. माझी सवय अशी की साइटच्या वहीत तीन रकाने करायचे, पाहिलं, मोजलं आणि मानलं. मिस्त्रीचं बोलणं मानलंमध्ये जातं, ते चुकीचं असतं म्हणून नाही, तर ते मी पाहिलेलं नसतं म्हणून. शेवटी सर्टिफिकेटचा मजकूर ह्याच तीन रकान्यांतून निघतो, वेगळा कुठून आणावा लागत नाही.

पाहिलं काय तर पूर्ण घर, आतून बाहेरून, गच्चीपासून प्लिंथपर्यंत. काकांचं खरं होतं, भार वाहणाऱ्या भागांत तडा नव्हता. फक्त बाथरूमखालच्या एका बीमला खालून कव्हर फुगलं होतं, ठोकल्यावर पोकळ आवाज येत होता. ते काढल्यावर आत सळई गंजलेली निघाली, तिथे कव्हर जेमतेम २५ मिलिमीटर आणि फिनॉल्फथेलिन मारल्यावर रंग न येणारा थर सळईपर्यंत पोचलेला, म्हणजे त्या जागी काँक्रीटने सळईला गंजापासून वाचवण्याची ताकद गमावलेली. बाकी कुठे असं नव्हतं.

मोजलं ते असं. काँक्रीटवर आपटून त्याचा कडकपणा दाखवणारा रिबाउंड हॅमर सगळ्या कॉलमवर मारला, पण त्याच्या आकड्यावरून ताकद सांगणं म्हणजे पंचवीस टक्के इकडे तिकडे, त्यामुळे तो फक्त कुठला कॉलम इतरांपेक्षा कमजोर वाटतो हे शोधायला वापरला आणि तिथून तीन कोअर, म्हणजे काँक्रीटचे गोल नमुने, काढले. लॅबकडून क्यूबच्या हिशोबात आलेली ताकद, चौरस मिलिमीटरला न्यूटनमध्ये, १६.८, १८.२ आणि १५.१, सरासरी १६.७. एम-२० म्हणजे ह्याच मापात २०. आता आयएस ४५६, म्हणजे काँक्रीटच्या बांधकामाचं भारतीय मानक, त्यात कोअरसाठी सूट आहे, सरासरी त्या ग्रेडच्या ८५ टक्के आली आणि कुठलाच कोअर ७५ टक्क्यांच्या खाली नसेल तर काँक्रीट स्वीकारायचं. एम-२० साठी ८५ टक्के म्हणजे १७. सरासरी १६.७, म्हणजे सूट देऊनसुद्धा एम-२० सिद्ध होत नाही. थोडक्यात हुकलंय, पण हुकलंय. मी हिशोबात १५ धरलं. स्टील स्कॅनरने बघितलं आणि दोन ठिकाणी कव्हर फोडून खात्री केली, मधल्या कॉलमला सहा सळया १६ मिलिमीटरच्या, कॉलम २३० बाय ३८०, रिंगा ८ च्या २०० अंतरावर आणि रिंगांचे हुक नव्वद अंशात वळवलेले.

इथे एक गोष्ट सांगून ठेवतो कारण सर्टिफिकेटमध्ये ती पुढे येणार आहे. आयएस ४५६ च्या २००० सालच्या आवृत्तीत आरसीसीसाठी किमान ग्रेड एम-२० आहे. जुना भाग त्यात बसत नाही. म्हणून "संपूर्ण इमारत आयएस ४५६ प्रमाणे आहे" हे वाक्य लिहिलं तर ते पहिल्याच दिवशी खोटं ठरतं. तसंच त्या नव्वद अंशाच्या हुकांमुळे भूकंपासाठीची डक्टाइल डिटेलिंग, म्हणजे फ्रेम एकदम न तुटता वाकेल अशी सळयांची मांडणी, जुन्या भागात आहे असंही म्हणता येत नाही. हे घर भूकंपाच्या झोन दोनमध्ये आहे, तिथे साधी फ्रेम चालते, म्हणून भूकंपाचं बळ काढताना मी डक्टाइल फ्रेमची सवलत घेतलीच नाही, बळाला ज्याने भागतात तो साध्या फ्रेमचा गुणांक तीन धरला. तसं धरल्यावर आडवं बळ इमारतीच्या वजनाच्या साधारण चार टक्के येतं, तीन मजली छोट्या घराला ते जड जात नाही. तुमचं घर झोन तीन किंवा वरच्या झोनमध्ये असेल तर मात्र ही पळवाट नाही, तिथे नवीन आरसीसी फ्रेमला डक्टाइल डिटेलिंग लागतंच आणि जुन्याचं काय करायचं हा मोठा प्रश्न होतो.

आता भार. सगळे आकडे देत बसत नाही, मधला कॉलम घेऊ. त्याच्या वाट्याला ३.६ बाय ४ मीटरचा तुकडा येतो. स्लॅब, फरशी, माणसांचा भार, भिंती, बीम मिळून एका मजल्याचे साधारण १६ टन, गच्चीचे ११, प्लिंथच्या भिंती वगैरे धरून आज फुटिंगवर येतात ३४ टन. वर मजला चढला की ५०. कॉलम स्वतः ह्यात जेमतेम निघतो, सरळ दाबाला पास, पण आयएस ४५६ सांगते ती किमान २० मिलिमीटरची विकेंद्रता, म्हणजे भार कॉलमच्या मध्यापासून तेवढा सरकलेला, धरली की अगदी काठावर. म्हणजे त्याला मदत लागणारच होती.

पण खरा निकाल फुटिंगचा होता. मधल्या कॉलमजवळची फरशी काढून खड्डा घेतला, काकूंना ते अजिबात आवडलं नाही, पण घेतला. फुटिंग निघालं दीड मीटर बाय दीड मीटर, मिस्त्री म्हणाला तसं पाच फूट. दुसरा खड्डा रस्त्याकडच्या कोपऱ्यात, तिथेही दीडच. खाली घट्ट मुरूम, सॉइल रिपोर्टमध्ये सुरक्षित धारणक्षमता चौरस मीटरला २० टन. मधल्या फुटिंगवर आज ३४ अधिक फुटिंगचं वजन दहा टक्के म्हणजे ३७.४ टन, भागिले २.२५ चौरस मीटर, १६.६ येतात. म्हणून बावीस वर्षं घर शांत. मजला चढला की ५५ भागिले २.२५, म्हणजे २४.४. बसत नाही. काकांना हेच समजावलं, आज तडा नसणं हा आजच्या भाराचा पुरावा आहे, उद्याच्या भाराचा नाही.

मधल्याचा उपाय सरळ होता, फुटिंग चारी बाजूंनी १.८ मीटरपर्यंत वाढवायचं, जुन्या काँक्रीटला छिन्नीने खडबडीत करून, सळया बसवून, आणि तिथूनच कॉलमला तळमजल्यावर बाहेरून १०० मिलिमीटरचं काँक्रीटचं जॅकेट. मग ५५ भागिले ३.२४ म्हणजे १७, आरामात. विटांऐवजी वरच्या मजल्यावर हलके एएसी ब्लॉक वापरले तर काय होतं तेही बघितलं, जवळपास पावणेतीन टन कमी होतात पण तरी २३ च्या वर राहतं, म्हणजे फुटिंग टळत नाही. तरीही ब्लॉक ठेवायचं ठरलं, बाकीच्या फुटिंगना तेवढा दिलासा. हिशोबात मात्र मी विटाच धरून ठेवल्या, कारण साइटवर ऐनवेळी माल बदलतो.

आणि मग मी सर्टिफिकेटचा पहिला कच्चा मसुदा केला. त्यात वगळलेल्या गोष्टींची यादी चौदा कलमांची झाली, अर्धी जुन्या कुठल्यातरी मसुद्यातून उचललेली. त्यातलं तिसरं कलम होतं, न उघडलेल्या फुटिंगचे आकार मालकाच्या व मिस्त्रीच्या माहितीवर आधारित असून त्याबाबत प्रमाणपत्र देणारा जबाबदार नाही. हे कलम लिहून मी दोन दिवस तसंच ठेवलं आणि ते मला टोचत राहिलं. नऊपैकी दोन फुटिंग बघितलेली. वाढीव भाराचा सगळा प्रश्नच फुटिंगचा आहे हे माझ्याच हिशोबात दिसतंय. आणि मी सही करून वर म्हणतोय की सात फुटिंगचं मला माहीत नाही. मग मी प्रमाणित काय करतोय? भार जिथून जमिनीत जातो तो रस्ताच वगळला तर उरलेला कागद कोणाच्या कामाचा? परवानगी देणाऱ्याला वाटणार की इंजिनिअरने बघितलंय, मालकाला वाटणार की झालं, आणि उद्या काही झालं तर मी ते बारीक अक्षरातलं कलम दाखवणार. कायद्याच्या दृष्टीनेही ते कितपत टिकेल याची शंकाच आहे, पण त्याही आधी ते चुकीचं आहे.

म्हणून माझा नियम ठरला तो असा, भाराच्या रस्त्यात जे येतं ते वगळायचं नाही. ते बघायचं, नाहीतर सुरक्षित बाजूला गृहीत धरून गृहीत धरलंय असं उघड लिहायचं आणि काम सुरू झाल्यावर ते तपासायची अट घालायची, आणि हे दोन्ही जमत नसेल तर सही करायची नाही. वगळायचं ते फक्त जे भाराच्या रस्त्याबाहेर आहे किंवा जे अजून घडलेलंच नाही.

काकांना सांगितलं उरलेले सात खड्डे घ्यायचे. काका चिडले, "मिस्त्री सांगतोय ना सगळी सारखीच आहेत, दोन निघाली की तशीच." मी म्हटलं काका, दोन निघाली म्हणून मिस्त्रीवर थोडा विश्वास वाढला, पण शेजाऱ्याच्या कंपाऊंडकडची बाजू आपण बघितलेली नाही, आणि जिथे हद्द असते तिथेच फुटिंग कापलं जातं. ते तयार झाले ते आर्किटेक्टने मध्ये पडून सांगितल्यावर.

त्या बाजूची तिन्ही फुटिंग निघाली १.२ मीटर बाय १.२ मीटर. मिस्त्रीला बोलावून विचारलं तर त्याला आठवलं की तेव्हा शेजाऱ्याने हद्दीवरून भांडण काढलं होतं म्हणून फुटिंग आत घेतली. खोटं बोलला नव्हता तो, बावीस वर्षांत विसरला होता. दोन कोपऱ्यांच्या कॉलमवर मजला चढल्यावर जिन्यावरच्या टाकीसकट जास्तीत जास्त २४ टन, दहा टक्के धरून २६.४ भागिले १.४४, १८.३ येतात, ते बसतात. पण त्या बाजूचा मधला कॉलम, आज २४.५ टन, म्हणजे १८.७, मजला चढल्यावर ३६ टन, म्हणजे ३९.६ भागिले १.४४, साडेसत्तावीस. वीसच्या जागी साडेसत्तावीस. आजचं १८.७ वीसच्या आत आहे म्हणूनच तिथेही एक तडा नव्हता, वरून कोणालाच काही कळलं नसतं. ते तिसरं कलम ठेवून मी सही केली असती तर ह्याच फुटिंगवर मजला चढला असता.

शेजाऱ्याकडे ते वाढवता येत नाही आणि एकाच बाजूला आत वाढवलं तर कॉलम मध्यावर राहत नाही, फुटिंग तिरकं दाबतं. म्हणून हद्दीला समांतर दोन्हीकडे ३०० मिलिमीटर वाढवलं, १.२ बाय १.८, क्षेत्र २.१६, दाब १८.३. बाकीची चार फुटिंग दीड मीटरचीच निघाली आणि हिशोबात बसली.

यानंतर मसुदा परत लिहिला. चौदा कलमांची सहा झाली. काय काढलं ते आधी सांगतो. जमिनीच्या धारणक्षमतेची जबाबदारी नाही, हे काढलं, त्याऐवजी कुठल्या सॉइल रिपोर्टवर, कुठल्या तारखेच्या, २० टन धरलेत ते लिहिलं, कारण रिपोर्ट दुसऱ्याचा असला तरी तो पुरेसा आहे की नाही हे ठरवलं मीच. काँक्रीटच्या आतल्या स्टीलची जबाबदारी नाही, हे काढलं, त्याऐवजी कुठल्या कॉलम बीमवर स्कॅन केलं, कुठे फोडून बघितलं आणि न बघितलेल्यांना सापडलेल्यांपैकी सर्वात कमी स्टील धरलंय असं लिहिलं. आणि "कोणत्याही कारणाने होणाऱ्या नुकसानीस प्रमाणपत्र देणारा जबाबदार राहणार नाही" हे शेवटचं कलम, जे प्रत्येक मसुद्यात असतं, ते पहिलं काढलं. एका हाताने देऊन दुसऱ्याने सगळंच परत घेणारं वाक्य आहे ते.

प्रमाणित केलं ते जवळपास ह्याच शब्दांत:

"मी अमुक तारखांना सदर इमारतीची पाहणी केली, परिशिष्ट अ मध्ये दिलेल्या चाचण्या माझ्या देखरेखीखाली झाल्या व सर्व नऊ फुटिंग उघडून मोजली. या माहितीवर आधारित हिशोबानुसार, नकाशा क्रमांक एक ते पाच मध्ये दाखवलेले दोन फुटिंगचे व एका कॉलमचे मजबुतीकरण तसेच एका बीमची दुरुस्ती आधी पूर्ण केल्यास, विद्यमान इमारत एका वाढीव निवासी मजल्याचा, परिशिष्ट ब मध्ये दिलेला उभा भार, वारा व भूकंपाचा भार सुरक्षितपणे वाहू शकेल. वाढीव मजल्याचे व मजबुतीकरणाचे डिझाइन आयएस ४५६, आयएस ८७५ व आयएस १८९३ नुसार आहे. विद्यमान भाग ताकदीसाठी, मोजलेल्या काँक्रीट व स्टीलच्या आधारे तपासला आहे. त्याची ग्रेड व डिटेलिंग आजच्या संहितेच्या किमान तरतुदींप्रमाणे असल्याचे हे प्रमाणपत्र म्हणत नाही."

ह्यातला "आधी पूर्ण केल्यास" हा शब्द सगळ्यात महत्त्वाचा. आजच्या स्थितीत इमारत तो भार घेऊ शकत नाही हे माझ्याच हिशोबाने सिद्ध झालंय, मग छापील नमुन्यातलं नुसतं "सक्षम आहे" मी लिहूच शकत नव्हतो. आणि शेवटचं वाक्य लिहायला जरा जड गेलं कारण वाचणाऱ्याला वाटतं घरात काहीतरी खोट आहे, पण ताकद पुरते आणि ग्रेड आजच्या नियमात बसत नाही ह्या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, त्या तशाच लिहायला हव्यात.

वगळलेली सहा कलमं अशी होती, थोडक्यात सांगतो. बांधकामाचा दर्जा, कारण काम व्हायचंय, पूर्णत्वाच्या वेळी वेगळं प्रमाणपत्र लागेल आणि ते देखरेख मिळाली तरच मी देईन. पाहणीच्या तारखेनंतर होणारी गंज, गळती, झीज, म्हणजे इमारत अजून किती वर्षं टिकेल याबद्दल हा कागद काही सांगत नाही. परिशिष्ट ब पेक्षा वेगळा वापर किंवा भार, म्हणजे घराचं गोदाम, गच्चीवर टॉवर, जिन्यावरच्या खोलीवर २००० लिटरपेक्षा मोठी टाकी, किंवा अजून एक मजला. मालकाने किंवा कंत्राटदाराने परस्पर केलेले बदल, विशेषतः भिंत काढणं, बीमला भोक पाडणं. शेजारी प्लॉटवरचं खोदकाम, कारण ती तीन फुटिंग हद्दीला लागून आहेत. आणि मालकी, हद्द, सामासिक अंतर, एफएसआय, अग्निशमन, वायरिंग, प्लंबिंग, जे माझं कामच नाही. हद्द वगळलीय हे काकांना मुद्दाम दाखवलं, कारण फुटिंग वाढवायचं काम कंपाऊंडला खेटून होणार होतं आणि मोजणीचा नकाशा त्यांनीच आणायचा होता.

छापील नमुन्यावर खाडाखोड केली नाही. सहीच्या वर एक ओळ लिहिली, हे प्रमाणपत्र सोबतच्या दोन पानी निवेदन व परिशिष्टांसह एकत्रच वाचावे, वेगळे वापरल्यास ते माझे निवेदन नाही, आणि प्रत्येक पानावर सही शिक्का. "सर्व बाबतीत" या शब्दांच्या आधी "निवेदनात नमूद केलेल्या" असं लिहून तिथेही छोटी सही.

फाईल त्रुटी लागून परत आली. शेरा होता, सशर्त प्रमाणपत्र ग्राह्य नाही, विनाअट सादर करावे. आर्किटेक्ट म्हणाला, "सर, त्यांना साधा नमुना हवाय, निवेदन आपण आपल्याकडे ठेवू ना." तसं करण्यात अर्थ नव्हता, निवेदन आपल्याकडे राहिलं की फाईलमध्ये जो उरतो तो दुसराच कागद होतो. मी स्वतः गेलो, तिथल्या अभियंता मॅडमना भेटलो. त्यांचा आक्षेप ऐकला तर तो मला पटला. त्यांच्याकडे रोज अशी सर्टिफिकेटं येतात ज्यात अटींच्या नावाखाली सगळी जबाबदारी झटकलेली असते, फुटिंग बघितलं नाही, स्टील बघितलं नाही, जमीन माहीत नाही, आणि त्यावर त्यांनी परवानगी द्यायची. मी त्यांना नऊ फुटिंगच्या मोजमापाचे फोटो आणि तक्ता दाखवला आणि विचारलं, मॅडम, ह्या सहापैकी असं एक सांगा जे इमारत उभी राहण्यासाठी मला माहीत असायला हवं होतं आणि मी टाळलंय. त्यांनी एकेक वाचलं. एकावर थांबल्या, परस्पर केलेले बदल तुम्ही वगळताय पण मजबुतीकरण आधी झालं हे कोण बघणार? बरोबर प्रश्न होता. त्यांच्या सांगण्यावरून निवेदनात भर घातली की फुटिंग व कॉलमचं काम पूर्ण झाल्याचं माझं लेखी पत्र आणि फोटो दिल्याशिवाय पहिल्या मजल्याच्या वरचे कॉलम सुरू करू नयेत, आणि त्यांनी तीच अट परवानगीच्या पत्रात टाकली. त्यामुळे माझी अट माझ्या कागदापुरती न राहता परवानगीचीच झाली.

काम करताना एका वेळी एकच फुटिंग उघडलं, आधी आजूबाजूच्या बीमना टेकू देऊन, मधलं झाल्यावर कडेचं. हद्दीच्या बाजूला खड्डा एका दिवसात भरला कारण शेजाऱ्याच्या कंपाऊंडखालची माती सुटायला लागली होती.

मजला झाला, काका राहायलाही गेले. आठएक महिन्यांनी त्यांचा फोन, वरच्या मजल्यावर मुलाचं कुटुंब आलं, पाणी पुरत नाही, जिन्यावरच्या खोलीवर ५००० लिटरची टाकी बसवायचीय, प्लंबर म्हणतो काही होत नाही. ती जिन्याची खोली हद्दीकडच्या कोपऱ्यावर आहे, तेच १.२ मीटरचं फुटिंग, १८.३ वालं. २००० ची टाकी २४ टनांत धरलेली होती, ३००० लिटर वाढले म्हणजे तीन टन, त्यातले दोन जरी त्या कोपऱ्याच्या कॉलमवर आले तरी २६ टन, दहा टक्के धरून २८.६ भागिले १.४४, १९.९. वीसच्या आत, पण फक्त कागदावर, हातात काहीच उरत नाही. काकांना म्हटलं निवेदनाचं दुसरं पान काढा, तिसरं कलम वाचा. त्यांनी फोनवरच मोठ्याने वाचलं, २००० लिटरपेक्षा मोठी टाकी, आणि म्हणाले, "हे तर तुम्ही तेव्हाच लिहून ठेवलंय." वर २००० चीच टाकी ठेवली, उरलेलं पाणी अंगणात जमिनीवरच्या टाकीत, पंपाने दोनदा चढवतात.